तुझ्या ‘औदुंबर’च्या उत्तराबद्दल

नौपाडा, ठाणे
रविवार, दुपार

चि. ओंकार यास आईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले सरावाचे उत्तर काल रात्री वाचले. तुझे बाबा म्हणाले, फोन करून सांग. पण कवितेबद्दल फोनवर बोलायला लागले की तू मध्येच ‘हो हो’ म्हणतोस, म्हणून लिहितेच आहे.

तू लिहिलेस, ‘कवितेत चार द्विपदी असून यमकाचा सुंदर वापर आहे. कवीने विविध रंगांची उधळण केली आहे. कविता गेय व लयबद्ध आहे.’ यात चूक काहीच नाही, आणि अडचण तीच आहे. ही तीन वाक्ये बालकवींच्या आणखी दहा कवितांना तशीच लावता येतील. मी पेपर तपासायला बसायचे तेव्हा असे वाक्य आले की तो विद्यार्थी कवितेकडे न बघता लिहितोय हे लगेच कळायचे. शाळेत आम्हीच तुम्हाला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे कप्पे पाडून दिले, तो दोष आमचा. बी.ए.च्या उत्तरात ते कप्पे मोड. रूपाचा मुद्दा आला की त्याच वाक्यात अर्थही यायला हवा.

कविता आठच ओळींची आहे. आधी ती हाताने लिहून काढ, मीही काढते:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.

चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.

पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.

झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

आता मात्रा मोज. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन; अनुस्वार असलेल्या किंवा जोडाक्षराआधी जोर पडणाऱ्या ऱ्हस्वाच्याही दोन. प्रत्येक ओळ 8, 8 आणि 11 अशी पडते (जिथे शेवटी एक कमी भरते तिथे शेवटचे अक्षर लांबवायचे). मोजलेस म्हणजे निम्मे काम झाले असे समजू नकोस. ‘ही 27 मात्रांची रचना आहे’ एवढेच लिहून पुढे गेलास तर तो हिशेब झाला, रसग्रहण नव्हे. आठ मात्रांनंतरचा थांबा कुठे येतो ते बघ. ‘ऐल तटावर’, थांबा. ‘निळासांवळा’, थांबा. ‘चार घरांचे’, ‘शेतमळ्यांची’, सगळीकडे शब्द संपतो तिथेच आठ मात्रा संपतात. पाण्यासारखी ओळ पुढे जाते. आणि मग पाचवी ओळ: ‘पायवाट पां’ इथे आठ मात्रा भरतात. ‘पांढरी’ शब्द मधोमध तुटतो! पुढच्या ओळीतही आठ मात्रा ‘कुरणां’वर संपतात आणि ‘मधुनि’ पलीकडे पडते. सातव्या-आठव्या ओळीत पुन्हा सगळे सरळ: ‘झांकळुनी जळ’, ‘पाय टाकुनी’.

म्हणजे आठ ओळींत फक्त दोनच ठिकाणी शब्द थांब्याला अडखळतो, आणि त्या दोन्ही ओळी अडव्यातिडव्या पायवाटेच्या आहेत. वाट वाकडी, चालही वाकडी. मला हे पहिल्यांदा दिसले तेव्हा मी अध्यापक कक्षात एकटीच हसले होते. पण उत्तरात ‘कवीने मुद्दाम केले’ असे लिहू नकोस. मुद्दाम की नाही, हे तुला-मला कसे कळणार? ‘वाचताना लय इथे अडखळते आणि वाटेचे वळण कानाला जाणवते’ असे लिही. हे कवितेतून सिद्ध करता येते.

रंगांचेही तसेच. ‘उधळण’ हा शब्द आधी खोडून टाक, कारण इथे उधळण नाहीच, फार काटेकोर खर्च आहे. हिरवा पहिल्या तीन द्विपदींत येतो, प्रत्येकीत एकदाच: हिरवाळी, हिरवी गर्दी, हिरव्या कुरणां. चौथीत नाही. पांढरा फक्त वाटेला. काळा तिसरीच्या अगदी शेवटी ‘काळ्या डोहाकडे’मध्ये शिरतो आणि चौथीत ‘काळिमा’ होऊन पसरतो. तिसऱ्या द्विपदीत पांढरा, हिरवा, काळा तिन्ही आहेत. ती वाटच आपल्याला उजेडातून अंधाराकडे घेऊन जाते. त्या वाटेवर माणूस एकही नाही, हेही लक्षात घे. चार घरांचे गाव आहे, मळे आहेत, पण चालते आहे ती वाट स्वतःच.

आता स्वर. तू लिहिलेस, ‘कवितेचा स्वर उदास व मृत्यूसूचक आहे, कारण बालकवी 1918 साली भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात गेले.’ ओंकार, हे कारण नव्हे. मृत्यू कवितेनंतरचा आहे, तो कवितेत ओतता येत नाही. स्वर शब्दांतून दाखवायचा. ‘काळिमा’ एरवी कलंकाचा शब्द, आपण ‘घराण्याला काळिमा’ म्हणतो. कवी त्याला ‘गोड’ म्हणतो. हा विरोध सोडवायच्या भानगडीत पडू नकोस. अंधार आहे आणि तो हवासा आहे, दोन्ही एकदम, असेच लिही. काहींना त्यात खिन्नता दिसते, काहींना समाधी लागल्यासारखी शांतता. तू एक बाजू घे, पण ‘गोड’ या शब्दाला उत्तर देऊन घे. नुसते ‘उदास’ म्हटलेस तर ‘गोड’ तुझ्या उत्तराबाहेर राहतो, आणि तपासणारा नेमके तेच विचारणार.

शेवटच्या द्विपदीचा मी लावते तो अन्वय सांगते: जळ झाकोळून काळिमा पसरवणारा कोण, हे ती ओळ सांगत नाही. कर्ता पुढच्या ओळीच्या अगदी टोकाला येतो, औदुंबर. शीर्षकात आधी दिसलेले झाड कवितेत शेवटचा शब्द म्हणूनच भेटते. झरा वाहतो, वाट चालते, हा मात्र पाय पाण्यात सोडून बसला आहे. इथे चेतनगुणोक्ती अलंकार आहे हे लिहायचेच, पण ‘बसला’ हे आधीच्या ‘वाहतो’, ‘चालली’समोर ठेवून लिही, म्हणजे अलंकाराचे नाव नुसते चिकटवल्यासारखे वाटणार नाही.

तुझा तो परिच्छेद मी असा लिहिला असता:

‘पायवाटेच्या ओळीत आठ मात्रांचा थांबा “पांढरी” शब्दाच्या मधोमध येतो. आतापर्यंत सरळ वाहणारी लय इथे अडखळते आणि वाटेचा अडवेतिडवेपणा कानाला जाणवतो. ही पांढरी वाट हिरव्यातून काळ्या डोहाकडे नेते. त्यापुढे कवितेत हिरवा रंग येतच नाही.’

चारच वाक्ये आहेत, बघ. यमकाबद्दल एक ओळ पुरे, त्यावर पान घालवू नकोस.

एक शब्द मी मुद्दाम सोडला आहे: ‘असला’. आपल्या बोलण्यात ‘असला कसला रे हा’ म्हणताना त्यात तुच्छता असते. इथे ती आहे का? शेवटची ओळ दोन-तीन सुरांत मोठ्याने म्हणून बघ, ‘बसला असला’ हे पाठोपाठ कसे वाजते ते ऐक, आणि मग त्यावर तीन वाक्ये लिहून पाठव. शनिवारी येशील तेव्हा तलावपाळीवर फेरी मारू, तिथे वाद घालू. बाबांनी तुझ्यासाठी गोडा मसाला बांधून ठेवला आहे, तो न्यायला विसरू नकोस.

तुझी,
आई