सहा आठवड्यांची रजा मंजूर झाली

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. न.

बाबा, चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा, मध्येच फोन करू नका. मी रजेचा अर्ज दिला होता, तो मंजूर झाला. सोमवार 6 जुलै ते शुक्रवार 14 ऑगस्ट. तुम्हाला न विचारता दिला, कारण विचारलं असतं तर तुम्ही "कशाला उगाच" म्हणाला असतात.

पगाराची काळजी नको. किरकोळ रजा वर्षाला आठच, आणि ती दुसऱ्या रजेला जोडता येत नाही, म्हणून अर्जित रजा घेतली. तिचा पूर्ण पगार मिळतो. मधले शनिवार-रविवार धरून ती 40 दिवस होते, पण मागच्या-पुढच्या सुट्ट्या जोडून घ्यायची परवानगी मी अर्जातच मागितली होती. म्हणजे तुमच्याकडे 44 दिवस.

ऑफिसात एकाने सुचवलं, स्वतःच्याच आजारपणाचा दाखला जोड. नाही जोडला. पुन्हा रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला द्यायचा, म्हणजे एका खोट्यावर दुसरं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तसंच लिहिलं.

मॅडम आधी दोन आठवड्यांवर अडल्या. पावसाळी अधिवेशनाचे दिवस, आणि रजा हा हक्क नाही हेही त्यांनी ऐकवलं. नियम तसाच आहे, मी वाद घातला नाही. हॉस्पिटलचं पत्र पुढे ठेवलं. त्यात ऑपरेशनची तारीख आहे आणि सहा आठवडे घरात मदतीला माणूस हवं, असं स्पष्ट लिहिलंय. सोबत माझ्या टेबलची यादी दिली: कोणती फाइल कोण बघेल, कुठलं उत्तर कधी जायला हवं. खरं तर पत्रापेक्षा यादीनेच काम केलं. ती वाचून त्या म्हणाल्या, "जा मग."

आई, मला गोवर आला तेव्हा तू शाळेत काय सांगून घरी राहिलीस, ते मला माहीत आहे बरं का. तेव्हा आता संकोच करायचा नाही. तुझा पलंग हॉलमध्ये खिडकीपाशी लावू, तुळस दिसेल. देवघरापुढे पाटावर बसायचं नाही, खुर्ची ठेवू. आणि झोपताना दुखऱ्या गुडघ्याखाली उशी मागायची नाही, कितीही बरं वाटलं तरी. त्याने पाय सरळ होत नाही.

बाबा, तुम्ही आईला उचलायला जाणार नाही. मागचं आठवतंय ना? मी येण्याआधी एवढंच करा: बाथरूमपुढची पायपुसणी काढा, कमोडची खुर्ची आणून ठेवा. बिल जपा.

शनिवारी 4 तारखेला सकाळच्या एसटीने येते. स्टँडवर येऊ नका, रिक्षा मिळते.

तुमची,
ताई