गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे

देवगडहून, रविवार

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला आणि फोनवर बोलण्यापेक्षा सविस्तर लिहावं असं वाटलं. माझी ती गणपतीतली कविता तू हिंदीत करतोयस, इंदूरच्या दोस्ताला वाचून दाखवलीस आणि तो म्हणाला, "अच्छी है, पर फिर क्या हुआ?" हा प्रश्न आला की समजायचं, कविता पोचली नाही. चूक त्याची नाही, त्याला एक ओळ गायब आहे हेच कळलं नाही.

कविता परत लिहितो, समोर असू दे.

चवथीच्या सकाळी माटवी बांधली.
आई म्हणाली, यंदा गाऱ्हाणं तू घाल.
मी हात जोडले, म्हटलं,
बा देवा म्हाराजा...
आणि थांबलो.
वळचणीखाली पागोळ्या पडत राहिल्या.

तू गाऱ्हाणंला 'शिकायत' केलंयस. तुझ्या साताऱ्याकडे तोच अर्थ असणार, गाऱ्हाणं घेऊन आला म्हणजे तक्रार घेऊन आला. पण आमच्याकडे गाऱ्हाणं *घालतात*. पूजा झाली की घरातला मोठा माणूस देवासमोर उभा राहतो आणि सरळ मालवणीत बोलायला लागतो. बा देवा म्हाराजा, आज जी काय सेवा लेकरांनी केली ती मान्य करून घे, मुंबैक पोरगो आसा त्याका सांभाळ, काय चुकला माकला आसात तर पदरात घे. आणि प्रत्येक वाक्य संपलं की मागे उभे असलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "होय म्हाराजा!" म्हणजे बोलणारा एक असला तरी मागणं सगळ्या घराचं असतं. बाबा बोलायचे तेव्हा आम्ही पोरं मोदकाच्या ताटाकडे बघत बघत ओरडायचो, पण होय म्हाराजा कधी चुकवलं नाही.

आता कवितेत बघ, 'बा देवा म्हाराजा' नंतर मी थांबलो, आणि होय म्हाराजा कुठेच आलेलं नाही. बाबा नाहीत, भाऊ मुंबईत, त्याला रजा मिळाली नाही, मागे उभं राहायला कोणी नाही. कोकणातला वाचक ती न आलेली ओळ आपोआप ऐकतो, इंदूरवाल्याला ती ऐकूच येणार नाही, म्हणून आधी त्याच्या कानात घालायला हवी. प्रार्थना, विनती हे शब्दपण चालणार नाहीत कारण ते माणूस एकटा करू शकतो. गाऱ्हाणं हाच शब्द ठेव आणि कवितेच्या *वर* दोनच वाक्यं दे, साधारण अशी: 'कोकणात गणपतीसमोर घरातला वडीलधारा गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांसाठी मागणं मागतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला मागचे सगळे होय म्हाराजा म्हणतात.' बस. बाबा गेले, कोणी उत्तर दिलं नाही, हे त्यात सांगू नकोस, नाहीतर कवितेला करायला काही उरणार नाही. आणि टीप खाली नको, कारण कविता वाचून झाल्यावर अर्थ कळतो पण तो खड्डा पडायचा राहून जातो.

'बा देवा म्हाराजा'चं तू 'हे भगवान' केलंस ते मात्र काढच. हे भगवान आपण डोक्याला हात लावून म्हणतो रे. इथे 'बा' मध्ये बापाला मारलेली हाक आहे, आणि मला तीच हवी होती. मूळ शब्द तसेच राहू देत, वरच्या टिपेत म्हाराजा येऊन गेलेलं असल्यामुळे अडणार नाही.

माटवी समजावत बसू नकोस. मूर्तीच्या वर टांगायची लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचं शिपटं, रानातली कवंडळं बांधतात, मला हे सगळं त्याला सांगावंसं वाटतं पण कवितेला त्याची गरज नाही. 'गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधली' एवढं केलंस की जागा कळते, पुढे जाता येतं. चवथ पण त्यातच उलगडते.

शेवटची ओळ जपून. तू 'बाहर बारिश होती रही' केलंयस, त्याने ती सिनेमातल्यासारखी होते. पागोळी म्हणजे कौलांवरून वळचणीला ओघळून खाली पडणारं पाणी, एक पडते, जरा थांबते, मग दुसरी. वाक्य संपलं की होय म्हाराजा, तसंच ते. जिथे माणसांचा आवाज यायला हवा होता तिथे पागोळ्यांचा येतोय. हिंदीत 'ओलती' शब्द आहे, इंदूरकडे बोलतात का ते त्यालाच विचार, नसेल तर 'खपरैल से बूँदें गिरती रहीं' चालेल, पण थेंब सुटे सुटे पडले पाहिजेत.

मग परत वाचून दाखव आणि गप्प बस. त्याने "किसी ने कुछ कहा नहीं?" असं विचारलं तर झालं काम.

आणि हे त्याला सांगू नकोस, कवितेतपण नाहीये. त्या सकाळी मी थांबलो तेव्हा बऱ्याच वेळाने आई स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाली, "होय म्हाराजा." मग मी पुढचं गाऱ्हाणं पूर्ण केलं. ती ओळ मी दोनदा लिहून दोनदा खोडली.

तुझाच