नाव कळणारच, पण रजा मागा

संपादक महोदय,
ऑफिसमधल्या लैंगिक छळाची तक्रार तिथल्या अंतर्गत समितीकडे केली की नाव गुप्त राहतं असं बऱ्याच जणींना वाटतं, तर तसं नसतं. बाहेर कुणाला सांगायला बंदी आहे, पण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला 7 कामाच्या दिवसांत तक्रारीची प्रत जाते आणि तो 10 कामाच्या दिवसांत उत्तर देतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तो साहेबच तिचा अप्रेझल लिहिणारा! खरं तर चौकशी चालू असताना लेखी अर्ज दिला तर समिती तिची किंवा त्याची बदली, तिला 3 महिन्यांपर्यंत जादा रजा, किंवा अप्रेझल दुसऱ्याकडे देणं, अशी शिफारस करू शकते. पण मागावं लागतं, आपणहून सहसा कुणी देत नाही.

तक्रार घटनेपासून 3 महिन्यांत लेखी द्यायची, चॅटचे स्क्रीनशॉट, साक्षीदारांची नावं सोबत. वकील कुणालाच आणता येत नाही. चौकशीला 90 दिवस, मग 10 दिवसांत अहवाल, तो दोघांनाही मिळतो. समिती शिफारस करते, अंमलबजावणी मालकाने 60 दिवसांत करायची. आणि पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे लैंगिक छळविरोधी कायद्यातच लिहिलंय, एचआरवाले काहीही म्हणोत.

– एक वाचक, पुणे