एक डिस्क गेली म्हणून अख्खं काम थांबायला नको होतं : आमच्या सेफ क्लस्टरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : गोरेगाव येथील स्टोरेज क्लस्टर बंद पडल्याबाबत आणि मागणीपत्राप्रमाणे रचना न केल्याबाबत तक्रार

महोदय,

आमचा स्टुडिओ मालिकांच्या संकलनाचं काम करतो. तुम्ही बसवलेल्या तीन सर्व्हरच्या आणि बारा डिस्कच्या, सेफ या स्टोरेज सॉफ्टवेअरच्या क्लस्टरवर आमच्या सगळ्या व्हर्च्युअल मशीन चालतात. गेल्या आठवड्यात त्यातली एक डिस्क खराब झाली, तिची `osd.7` ही सेवा बंद पडली आणि पाठोपाठ आमचं सगळं काम ठप्प झालं. संध्याकाळी वाहिनीकडे जायचा भाग त्या दिवशी गेला नाही. मशीन रूममधला एसी चालू होता, हे आधीच सांगतो, कारण तुमच्याकडून फोनवर पहिला प्रश्न तोच येतो.

डिस्क खराब झाली ही माझी तक्रार नाही. डिस्क जाणारच. ती गेली तरी काम चालू राहावं, याच कारणासाठी आम्ही तीन सर्व्हरचे पैसे मोजले. फोनवर तुमच्या इंजिनिअरनं सांगितलं, "डिस्क गेली की थोडं स्लो होतंच, नवीन डिस्क उद्या भिवंडीहून निघेल." हे उत्तर चुकीचं आहे. का, ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुमच्या वरिष्ठांना पुन्हा फोनाफोनी करावी लागणार नाही.

त्या वेळी पडद्यावर दोन प्रकारचे इशारे होते. एक, प्लेसमेंट ग्रुप, म्हणजे माहिती ज्या गटांत वाटून ठेवलेली असते ते, डिग्रेडेड. दुसरा, तीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ अडकलेल्या विनंत्यांचा, आणि त्यांचा आकडा सारखा वाढत होता. डिग्रेडेड म्हणजे प्रती कमी आहेत, एवढंच. त्यानं काम थांबत नाही. ग्रुपच्या अवस्थेत `active` हा शब्द असला की वाचन-लेखन चालू असतं. आमच्याकडे मात्र अवस्था अशी होती :

```
undersized+degraded+peered
```

यात `active` कुठेच नाही. म्हणजे उरलेली प्रत सुखरूप आहे, पण तो ग्रुप ना लिहू देतोय ना वाचू देतोय. विनंत्या हळू चालत नव्हत्या, त्या दारातच उभ्या होत्या. असं का, ते पाहायला मी पूलची मांडणी तपासली :

```
size: 2
min_size: 2
```

आमच्या मागणीपत्रात प्रत्येक माहितीच्या तीन प्रती ठेवायच्या, असं स्वच्छ लिहिलं आहे. तुम्ही दोनच ठेवल्या. वर, किमान दोन प्रती हजर नसतील तर काम थांबवा, असंही सांगून ठेवलं. तीन प्रती असत्या तर `min_size` दोन ठेवणं अगदी योग्य होतं : एक गेली तरी दोन उरतात आणि काम चालतं. दोन प्रतींना हाच नियम लावला की बारापैकी कुठलीही एक डिस्क गेली तरी काम अडणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

तुमच्या इंजिनिअरचं पुढचं म्हणणं असं की २५६ पैकी ४३ ग्रुपच बंद आहेत, बाकीचं चालायला हवं. कागदावर हे पटतं. पण व्हर्च्युअल मशीनची डिस्क सेफमध्ये चार-चार एमबीच्या तुकड्यांत मोडून सगळ्या ग्रुपमध्ये पसरलेली असते. पाचशे जीबीच्या डिस्कचे सव्वा लाखाच्या वर तुकडे होतात, म्हणजे त्या ४३ ग्रुपमध्येही तिचे हजारो तुकडे असणारच. मशीननं त्यातल्या एकाला हात लावला की ती तिथेच लटकते. म्हणून एक षष्ठांश ग्रुप बंद असूनही आमची एकही मशीन धड चालत नव्हती.

इतकं होऊनही क्लस्टरनं स्वतःहून सावरायला हवं होतं. सेवा बंद पडून दहा मिनिटं झाली की सेफ ती डिस्क हिशोबातून काढतं आणि तिच्यावरच्या प्रती इतर डिस्कवर नव्यानं तयार करू लागतं. आमच्याकडे तासाभरानंतरही `osd.7` बंद होती, पण हिशोबातून निघाली नव्हती. कारण बंद डिस्क हिशोबातून काढू नका, असं सांगणारा `noout` हा झेंडा लावलेला होता. तो कुणी लावला? मागच्या भेटीत दुसऱ्या सर्व्हरची रॅम बदलताना तुमच्याच माणसानं. तेव्हा लावणं बरोबरच होतं, नाहीतर सर्व्हर बंद असताना उगाच टीबीच्या टीबी माहिती हलली असती. पण काम झाल्यावर तो काढला नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याचा इशारा त्रास देतो म्हणून गप्प केला. तुम्ही दिलेल्या फलकावर त्यामुळे आम्हाला कायम हिरवंच दिसत राहिलं. जुन्या नोंदी उघडून पाहिल्या तेव्हा खरं समजलं :

```
HEALTH_OK (muted: OSDMAP_FLAGS)
```

ही ओळ डिस्क जाण्याच्या आदल्या दिवशीच्या नोंदीतली आहे. देखरेख तुमच्या एएमसीत येते, त्याचे पैसे आम्ही भरतो. कंसातला शब्द तुमच्याकडे कोणीच वाचत नाही का?

शेवटी तुमच्या इंजिनिअरनं `min_size` एकवर आणायचा तोडगा सुचवला. मी नकार दिला. काम लगेच सुरू झालं असतं हे खरं, पण त्या ४३ ग्रुपमधलं सगळं नवं लिखाण एकाच प्रतीवर गेलं असतं. बाराही डिस्क एकाच वेळी घेतलेल्या, एकाच वयाच्या. त्यातली आणखी एक गेली असती तर दिवसभराचं संकलन परत आणायला काहीच उरलं नसतं. त्याऐवजी त्यांच्याकडून हे करून घेतलं :

```
ceph osd unset noout
ceph osd out 7
```

त्यानंतर सुमारे सव्वातीन टीबी माहितीच्या प्रती पुन्हा तयार होऊ लागल्या. ज्या ग्रुपची दुसरी प्रत पूर्ण होई तो सुरू होई, त्यामुळे मशीन नीट चालायला रात्र झाली. भिवंडीची डिस्क तोवर निघालीही नव्हती.

आमच्या मागण्या अशा. पूलच्या तीन प्रती करून द्या, अर्थात रात्रीच्या वेळी, आणि `min_size` दोनच ठेवा. जागा नाही, हे कारण पुढे करू नका, मी हिशोब केला आहे. आमची माहिती १९ टीबी आहे. तीन सर्व्हर आणि तीन प्रती म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर एक पूर्ण प्रत, ३२ पैकी १९ टीबी, सुमारे ५९ टक्के. त्याच सर्व्हरची एक डिस्क गेली तर उरलेल्या २४ टीबीत तेवढंच मावायला हवं, म्हणजे सुमारे ७९ टक्के. इशाऱ्याची ८५ टक्क्यांची पातळी त्याच्याही वर आहे. माहिती २० टीबीच्या पुढे गेली की डिस्क वाढवाव्या लागतील, ते आम्हाला मान्य आहे, पण आज जागा आहे.

दुसरं, तुमचा माणूस काम करून निघताना `ceph health detail` ची पूर्ण नोंद आमच्या सहीनं ठेवून जाईल आणि एकही इशारा गप्प ठेवलेला नसेल. तिसरं, दोन प्रती कुणाच्या सांगण्यावरून ठेवल्या याचा लेखी खुलासा हवा. तो मिळेपर्यंत आणि तीन प्रतींचं काम पूर्ण होईपर्यंत एएमसीचा पुढचा हप्ता आम्ही रोखून ठेवत आहोत. खराब डिस्क वॉरंटीत आहे, तिची बदली वेगळ्या बिलाविना व्हावी.

मागणीपत्राची प्रत आणि त्या दिवशीच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.

आपला,
सिस्टीम प्रशासक
गोरेगाव (पूर्व), मुंबई