पोराचं वजन चिठ्ठीवर लिहा, आणि उलटीसाठी जादा डोस द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझं खानापूर तालुक्यात मेडिकल आहे. पावसाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर गोव्याहून कामावरनं परत आलेल्या घरांतली पोरं तापाने फणफणत असतात, रक्त तपासलं की काहींना फाल्सिपेरम मलेरिया निघतो आणि प्रायव्हेट डॉक्टर आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन लिहून देतात. औषध चांगलं आहे हो, पण चिठ्ठीवर "मलेरिया गोळी, 3 दिवस" एवढंच असतं, वजन नसतं, आणि पोराने गोळी ओकून टाकली तर काय करायचं हे तर कुणीच सांगत नाही.

या गोळीचा डोस वजनाच्या टप्प्याने ठरतो. 20/120 ची, म्हणजे आर्टिमेथर 20 आणि ल्युमेफँट्रिन 120 मिलिग्रॅमची गोळी धरली तर 5 ते 15 किलोच्या आतल्या पोराला एका वेळी 1, 15 ते 25 च्या आत 2, 25 ते 35 च्या आत 3, आणि 35 किंवा त्याच्या पुढे 4. पाच किलोच्या खाली घरी काही ठरवायचंच नाही, डॉक्टरकडे जायचं. इथे एक गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही, दुकानात हेच औषध 80/480 मध्ये पण मिळतं आणि ती एकच गोळी म्हणजे लहानीच्या चार. म्हणून नुसतं "एक गोळी" म्हणणं धोक्याचं आहे, पाकिटावरचा आकडा वाचायलाच पाहिजे.

एक उदाहरण सांगतो. मुलगी 6 वर्षांची, पण अशक्त, काट्यावर 14 किलो. शेजारच्या काकू म्हणतात सहा वर्षांची घोडी झाली, दोन दे की. नाही, वजन 14 म्हणजे 1 च. उलट तीन वर्षांचा गुबगुबीत पोरगा 16 किलोचा असेल तर त्याला 2 लागतात, लहान आहे म्हणून 1 दिली तर औषध कमी पडतं आणि जंतू पूर्ण मरत नाहीत. वजन त्याच दिवशी करा, चप्पल-स्वेटर काढून, कारण 15 च्या काठावरच्या पोराचा डोस अर्ध्या किलोने बदलतो.

आता या मुलीला पहिली गोळी दुपारी 1 ला दिली. दुसरी 8 तासांनी, म्हणजे रात्री 9 ला, आणि नंतरचे दोन दिवस सकाळी-रात्री 9 ला, असे एकूण 6 डोस. रात्रीची 9 ची गोळी घेतली आणि 9.25 ला सगळं ओकली. तासाच्या आत उलटी झाली म्हणजे तो डोस गेला असंच धरायचं, पोराला जरा शांत होऊ द्यायचं आणि पूर्ण डोस परत द्यायचा. अर्धी गोळी नाही, "सकाळी दोन एकदम देऊ" असंही नाही. पुढची गोळी आपल्या ठरल्या वेळीच, सकाळी 9 ला. आणि उलटी तासानंतर झाली असेल तर परत द्यायची नाही. म्हणून गोळी दिली की घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा, नंतर आठवत नाही.

खरी अडचण पुढे येते. तिच्या पाकिटात मोजून 6 गोळ्या, त्यातली एक उलटीत गेली, म्हणजे शेवटच्या रात्रीला गोळीच नाही. तोवर ताप उतरलेला असतो, आई म्हणते राहू दे, बरी झाली की पोर. आणि काही आठवड्यांनी तोच ताप परत येतो! माझं सगळ्या डॉक्टरांना हात जोडून सांगणं आहे की चिठ्ठीवर वजन लिहा आणि एक डोस जादा लिहून द्या, आणि माझ्या मेडिकलवाल्या भावांनी तो देताना "उलटी झाली तरच" असं पाकिटावर पेनाने लिहावं.

उलटी होऊ नये म्हणून ताप जास्त असेल तर आधी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, अंग पुसा, मग गोळी कुस्करून चमचाभर पाण्यात हळूहळू द्या. त्यावर दूध किंवा थोडं काही खाऊ घाला, तान्ह्याला अंगावर पाजा. हे औषध स्निग्ध खाण्याबरोबरच नीट अंगी लागतं, उपाशी पोटी फार कमी.

परत दिलेला डोसही ओकला तर तिसऱ्यांदा घरी प्रयत्न नको, रात्र असली तरी दवाखान्यात न्या, तिथे इंजेक्शन देतात. पोर गुंगीत आहे, झटके येतायत, पाणीही पोटात राहत नाही, असं असेल तर गोळीची वाटच बघू नका.

सरकारी दवाखान्यातलं आर्टेसुनेट-एसपीचं पाकीट वेगळं असतं, वयाप्रमाणे रंगाचं, त्याला वरचा हिशोब लावू नका. तिथे पहिला डोस समोर देऊन 15 मिनिटं थांबवतात, त्यात उलटी झाली तर नवीन पाकिटातनं परत देतात, तेव्हा घाई करून बस पकडायला पळू नका.

वजनाचा तक्ता आपल्या पेपरात जून-जुलैमध्ये चौकट करून छापला तर मी तो कापून माझ्या काउंटरवर लावीन.

आपला,
एक औषध विक्रेता, खानापूर तालुका