चिनूच्या सकाळच्या लघवीची वही

रत्नागिरी
14 मे

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

चिनूला परवा, 16 तारखेला, वेंगुर्ल्याला घेऊन येत आहे. मला दोनच दिवस राहता येईल. पुढे शाळा सुरू होईपर्यंत तो तुमच्याकडे असेल. त्याच्या औषधांबरोबर एक वही आणि लघवी तपासायच्या पट्ट्यांची डबी येईल. फोनवर हे सारे नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आई, गणपतीत त्याचे डोळे सुजलेले सर्वांत आधी तुला दिसले होते. आम्ही सगळ्यांनी ते बांगड्याच्या ॲलर्जीवर ढकलले आणि आठ दिवस ॲलर्जीचे औषध दिले. दुपारपर्यंत चेहऱ्याची सूज उतरायची, त्यामुळे औषध लागू पडले असेच वाटत राहिले. खरे तर सूज उतरत नव्हती, जागा बदलत होती. नेफ्रोटिक सिंड्रोम या त्याच्या आजारात मूत्रपिंडाच्या गाळणीतून रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीवाटे निघून जाते, ते रक्तात कमी पडले की अंगात पाणी साठते आणि ते पाणी शरीराच्या सखल भागाकडे जाते. रात्री मूल आडवे असते, म्हणून सकाळी डोळ्यांभोवतीच्या सैल कातडीत ते दिसते. दिवसभर खेळल्यावर संध्याकाळी पायांवर मोज्यांचे वळ उठतात. तेव्हा सकाळीच लघवी तपासली असती, तर त्याचे पोट फुगेपर्यंत वेळ गेली नसती, ही रुखरुख मला अजून आहे.

आता त्याचे गाल गोल दिसतील. बाबा, ते पाहून घाबरू नका. ती गोलाई स्टिरॉइडमुळे आलेली आहे, ती सकाळ-संध्याकाळ सारखीच असते आणि औषध थांबल्यावर काही महिन्यांत जाते. सूज वेगळी असते: ती पापण्यांवर येते, सकाळी जास्त असते, आणि नडगीच्या हाडावर अंगठा थोडा वेळ दाबून धरला की खळगा राहतो. तरीही चेहऱ्यावरून निर्णय करू नये, कारण लघवीतून प्रथिन जाऊ लागल्यावर सूज दिसायला बहुधा काही दिवस लागतात. पट्टी ते आधी सांगते.

तपासणी रोज सकाळच्या पहिल्या लघवीची करायची. दिवसा उभे राहण्याने आणि पळापळीने निरोगी मुलाच्या लघवीतही थोडे प्रथिन उतरू शकते, म्हणून उठल्याबरोबरचीच घ्यावी. पट्टी लघवीत बुडवून लगेच काढायची, कडेचा थेंब निथळू द्यायचा, डबीवर लिहिलेला वेळ घड्याळात मोजायचा आणि मगच रंग ताडून पाहायचा. पिवळा राहिला तर निल. हिरवट होत गेला तर ट्रेस, एक प्लस, दोन, तीन, चार. उशिरा पाहिलेला रंग धरू नये. डबीचे झाकण मात्र पट्टी काढताक्षणी घट्ट लावा आणि आतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका. जूनमध्ये आपल्याकडची हवा लागली की पट्ट्या खराब होतात आणि मग रंगावर विश्वास ठेवता येत नाही.

एप्रिलच्या अखेरीस आजार उलटला तेव्हा या वहीचा केवढा उपयोग झाला ते सांगते. चिनूला सर्दी झाली होती, आणि या मुलांमध्ये आजार उलटायला बहुतेक वेळा साधी सर्दीच निमित्त होते. 27 तारखेला ट्रेस आले, 28 ला दोन प्लस. मी घाबरून त्याच संध्याकाळी गोळ्या सुरू करणार होते, पण डॉक्टरांनी थांबवले. सर्दी-तापात एखाद-दोन दिवस प्रथिन येऊन आपोआप जाऊही शकते. सलग तीन दिवस तीन प्लस किंवा अधिक आले तरच आजार उलटला असे धरतात. अंगावर सूज आली किंवा मूल मलूल झाले, तर अर्थातच तीन दिवसांची वाट पाहायची नसते. 29, 30 आणि 1 मे, तिन्ही दिवस तीन प्लस आले, आणि 1 मेपासून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज सुरू झाले.

मात्रा वजनावर ठरते: किलोमागे 2 मिलिग्रॅम. चिनू 15 किलोचा आहे, म्हणून रोज 30. गणपतीत तो सुजलेला होता तेव्हा डॉक्टरांनी काट्यावरचे वजन न घेता बालवाडीच्या कार्डावरचे आधीचे वजन धरले होते, कारण काट्यावर साठलेले पाणीही मोजले जाते. या वेळी सूज यायच्या आतच उपचार झाला. 9 तारखेला ट्रेस, 10 आणि 11 ला निल, असे तीन दिवस स्वच्छ मिळाल्यावर कालपरवापासून, म्हणजे 12 पासून, मात्रा किलोमागे दीड मिलिग्रॅम, तीही एक दिवसाआड, चार आठवड्यांसाठी आहे. म्हणजे 20 ची एक गोळी आणि 5 ची अर्धी, सकाळी नाश्त्यानंतर. पहिल्या वेळी हीच औषधे सहा आठवडे रोज आणि सहा आठवडे दिवसाआड होती. उलटलेल्या आजाराला एवढी लागत नाहीत.

दिवसाआडच्या हिशेबात एक फसगत आहे. मे महिन्यात गोळी सम तारखांना येते, 30 पर्यंत. मे 31 दिवसांचा असल्याने पुढची गोळी 1 जूनला येईल आणि तिथून विषम तारखा, शेवटची 7 जूनला. मी वहीत त्या तारखांना लाल गोल केले आहेत.

लघवी निल येते आहे म्हणून मधेच गोळी बंद करू नका. इतके दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळाल्याने शरीर स्वतःचे बनवणे कमी करते. अचानक तोडले तर मूल गळून जाऊ शकते. गोळी उलटून पडली तर मला लगेच फोन करा. आई, काढा द्यायचा तुझा विचार मला ठाऊक आहे, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नकोस.

जेवण तुमच्या घरचेच द्या. ताजी मासळी, अंडे, आमटी चालेल. प्रथिन वाहून गेले म्हणून मुद्दाम दुप्पट भरवायची गरज नाही. सुके बोंबील, सुकट, पापड आणि लोणचे मात्र नको, कारण स्टिरॉइडवर मीठ अंगात पाणी धरते. त्याला भूक फार लागेल आणि तो चिडचिड करेल. तेही औषधाचेच आहे.

ताप आणि पोटदुखी एकत्र आली, लघवी फार कमी झाली, किंवा पाय एकाच बाजूला सुजून दुखू लागला, तर वहीची वाट न पाहता थेट दवाखान्यात न्या. वाडीत कोणाला कांजिण्या असतील तर चिनूला त्या घरापासून दूर ठेवा; तो त्यांच्यात खेळून आला असे कळले, तर त्याच दिवशी मला कळवा.

16 तारखेची गोळी इथे नाश्त्यानंतर देऊनच निघू. मी दोन दिवस आहे, तेव्हा 18 चीही माझ्या हातून जाईल. तुमच्या हातची पहिली गोळी 20 तारखेची.

तुमची,
सुमी