परदेशी कायदा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात : केंद्रीय विधिमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विधी व न्यायमंत्री,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात दिवाणी वकिली करतो. आमच्याकडचे टॉवेल आणि चादरी परदेशात जातात आणि त्यांच्या मागोमाग वादही येतात. त्यातला एक प्रश्न असा आहे की दिल्लीतून त्याचा निकाल लावता येईल. परदेशी कायदा आपल्या न्यायालयात कसा सिद्ध करायचा, हा तो प्रश्न.

आपल्याकडचा नियम पक्का आहे. भारतातल्या कायद्याची न्यायाधीश स्वतःहून दखल घेतात, त्यासाठी पुरावा लागत नाही. परदेशी कायदा मात्र वस्तुस्थितीचा प्रश्न. गाडीचा वेग किती होता किंवा सही कोणाची, हे जसे सिद्ध करायचे, तसाच हाही. हरिशंकर जैन विरुद्ध सोनिया गांधी या 2001 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. इटलीच्या कायद्याबद्दलचे मोघम कथन तिथे पुरेसे ठरले नाही. परदेशी कायद्यावर ज्याला भिस्त ठेवायची असेल त्याने तो आपल्या कथनात नेमकेपणाने मांडायचा आणि मग पुराव्याने सिद्ध करायचा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 प्रमाणे तज्ज्ञाचे मत देता येते. कलम 32 प्रमाणे त्या देशाच्या सरकारच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेले कायद्याचे पुस्तक दाखवता येते, आणि आता ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही चालते. ही शेवटची सुधारणा चांगली झाली, याबद्दल आपल्या खात्याचे आभार.

पण पुस्तक मिळाले म्हणजे कायदा मिळाला, असे होत नाही. एक कल्पित उदाहरण घेऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक कारखानदार हॅम्बुर्गच्या खरेदीदाराला टेरी टॉवेलचा कंटेनर पाठवतो. करारात एक ओळ असते : या कराराला जर्मन कायदा लागू राहील. माल पोचतो, निम्मे पैसे येतात. सात महिन्यांनी खरेदीदार लिहितो की रंग पक्का नाही, पहिल्याच धुण्यात गेला, उरलेले पैसे मिळणार नाहीत. कारखानदार सोलापुरात बाकीसाठी दावा लावतो. खरा प्रश्न एवढाच की सात महिन्यांनी केलेली तक्रार जर्मन कायद्यात टिकते का?

कारखानदाराचा वकील जर्मन सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरून वाणिज्य संहितेचे कलम 377 काढतो. व्यापाऱ्याने माल विनाविलंब तपासावा आणि दोष ताबडतोब कळवावा, नाहीतर माल स्वीकारला असे धरले जाईल, असा त्याचा आशय. वाचून वाटते, दावा जिंकलाच. एक अडचण अशी की त्या संकेतस्थळावरच्या इंग्रजी भाषांतराला स्वतःचे कायदेशीर बळ नाही, ते मूळ जर्मनचेच. पण ही अडचण त्या मानाने छोटी म्हणायची.

मोठी गोष्ट वेगळीच. जर्मनी हा आंतरराष्ट्रीय मालविक्री करारांवरच्या 1980 च्या संयुक्त राष्ट्र कराराचा सदस्य आहे, भारत नाही. हा आंतरराष्ट्रीय करार जर्मन कायद्याचाच भाग आहे. सोलापूरच्या विक्रेत्याने जर्मन कायदा निवडला की सर्वसाधारणपणे हाच लागू होतो आणि कलम 377 बाजूला पडते. त्याच्या अनुच्छेद 38 प्रमाणे माल शक्य तितक्या लवकर तपासायचा, अनुच्छेद 39 प्रमाणे दोष वाजवी वेळेत कळवायचा. कमाल मर्यादा दोन वर्षांची. 'वाजवी' म्हणजे किती, हे जर्मन न्यायालयांच्या निकालांतून समजते. सुमारे महिनाभर हा तिथला ढोबळ अंदाज. रंग जाण्यासारखा दोष नमुन्याचे दोन टॉवेल धुतले की दिसतो, तेव्हा सात महिने बहुधा जास्तच ठरतील. पण हे उत्तर कलम 377 मधून आलेले नाही. छापील पान अगदी खरे असूनही ते या व्यवहाराला लागू नव्हते. हे सांगू शकेल असा माणूस लागतो, म्हणजे जर्मन कायदा जाणणारा वकील. त्याचे प्रतिज्ञापत्र, त्याचा उलटतपास, त्याची फी. समोरचाही आपला तज्ज्ञ उभा करणार आणि तो म्हणणार की वाजवी वेळ याहून जास्त. तज्ज्ञाने कारणे दिली, निकाल जोडले, तर न्यायाधीश ते वाचून पारखू शकतात. नुसते मत दिले तर न्यायाधीशांसमोर दोन मते उरतात, कायदा उरत नाही.

आणि दोन्ही बाजू गप्प बसल्या तर? मग न्यायालय साधारणपणे भारतीय कायद्यानेच प्रकरण चालवते. करारात जर्मन कायदा लिहिलेला, पण निकाल 1930 च्या मालविक्री अधिनियमाने. कधी ते सोयीचे असते, आणि खरे सांगायचे तर काही वकील मुद्दाम गप्प बसतात.

मला जास्त खटकते ती याच्या पुढची गोष्ट. परदेशी कायदा वस्तुस्थिती ठरला की एका दाव्यात तो सिद्ध झाल्याचा पुढच्या दाव्याला उपयोग नाही. आज सोलापुरात एका न्यायाधीशांनी अनुच्छेद 39 चा अर्थ दोन तज्ज्ञ ऐकून ठरवला, तरी उद्या शेजारच्याच कारखानदाराच्या दाव्यात सगळे पहिल्यापासून. कोऱ्या पाटीवर पुन्हा श्रीगणेशा, पुन्हा तज्ज्ञाची फी. साध्या दिवाणी दाव्यात तर आणखी एक फटका बसतो. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खालचे दुसरे अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालते. खालच्या दोन न्यायालयांनी परदेशी कायदा चुकीचा वाचला असेल तर 'हा वस्तुस्थितीचा निष्कर्ष आहे' हे उत्तर समोरच्या वकिलाच्या तोंडी तयार असते.

हा नियम आपण इंग्लंडकडून घेतला. तिथे लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी 1774 मध्ये तो सांगितला होता. पण इंग्लंड तिथेच थांबले नाही. त्यांच्या 1972 च्या दिवाणी पुरावा कायद्यात कलम 4 आहे : परदेशी कायद्याच्या एखाद्या मुद्द्यावर वरिष्ठ न्यायालयाने पूर्वी निष्कर्ष काढला असेल, तर पुढच्या प्रकरणात तो पुरावा म्हणून चालतो आणि उलट सिद्ध होईपर्यंत बरोबर धरला जातो. अमेरिकेने 1966 पासून फेडरल न्यायालयांसाठी परदेशी कायदा कायद्याचाच प्रश्न मानला. साक्षीपुराव्याच्या चौकटीबाहेरचे साहित्यही न्यायाधीश पाहू शकतात, आणि अपिलातही तो कायद्याचा प्रश्न म्हणूनच तपासला जातो. जर्मनीत तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 293 प्रमाणे न्यायाधीश स्वतः शोध घेऊ शकतात.

जर्मन पद्धत आपल्याकडे चालेल असे मला वाटत नाही. जिल्हा न्यायाधीशांच्या टेबलावरचा ढीग पाहता त्यांनी परदेशी ग्रंथ शोधत बसावे, ही अपेक्षा गैर आहे. इंग्लंडची तरतूद मात्र आपल्याला जशीच्या तशी घेता येईल. साक्ष्य अधिनियमात एक पोटकलम घाला : उच्च न्यायालयाने किंवा सर्वोच्च न्यायालयाने परदेशी कायद्यावर दिलेला निष्कर्ष पुढच्या प्रकरणात ग्राह्य राहील आणि तो चुकीचा असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर राहील. त्याला जोडून दिवाणी प्रक्रिया संहितेत एक स्पष्टीकरण हवे, की कलम 100 पुरता परदेशी कायद्याचा अर्थ हा कायद्याचा प्रश्न समजावा. कथनात तो नेमकेपणाने मांडण्याचे बंधन आहे तसेच राहू द्या, म्हणजे समोरच्याला ऐनवेळी धक्का बसणार नाही.

परदेशी कायद्याची माहिती देशादेशांनी एकमेकांना सरकारी मार्गाने द्यावी, यासाठी युरोप परिषदेचा 1968 चा लंडन करार आहे, आणि परिषदेबाहेरच्या देशांनाही त्यात निमंत्रणाने येता येते. भारताने तो मार्ग तपासावा. तोवर, ज्या देशांशी आपला व्यापार मोठा आहे त्यांच्या विधी खात्यांशी निदान विक्रीच्या कायद्यापुरती अशी व्यवस्था बोलून पाहावी. टॉवेलच्या एका कंटेनरच्या बाकीसाठी हॅम्बुर्गचा वकील उभा करणे आमच्या छोट्या कारखानदाराला परवडत नाही, आणि मग तो दावाच लावत नाही.

आपला,
सोलापुरातील एक दिवाणी वकील